एक मिलिमीटर अंतरावरची रेषा: जड हायड्रोजनचा शोध आणि त्यामागचं गणित

हायड्रोजनच्या ऊर्जा पातळ्यांवरचं गणित बारावीत सगळ्यांनीच सोडवलेलं असतं. इलेक्ट्रॉन चौथ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर आला तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी किती? सूत्रात आकडे घालायचे, ४८६ नॅनोमीटर उत्तर काढायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. हेच गणित आणखी तीन-चार अंकांपर्यंत नेलं की त्यातून काय हाती लागतं, याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण १९३१ सालचं आहे. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरल्ड युरी आणि त्यांचे सहकारी जॉर्ज मर्फी यांनी या सूत्राच्या आधारे एक रेषा कुठे दिसायला हवी हे आधी कागदावर ठरवलं आणि मग ती तिथे आहे का ते पाहिलं. ती सापडली, आणि हायड्रोजनचा दुप्पट वजनाचा भाऊ जगाला कळला.

शोधाचं निमित्त वर्णपटाशी संबंधित नव्हतं, ते वजनांच्या हिशेबातून आलं होतं. हायड्रोजनच्या अणुभाराचे दोन आकडे उपलब्ध होते, एक रसायनशास्त्रज्ञांचा आणि दुसरा फ्रान्सिस ॲस्टन यांनी मास स्पेक्ट्रोग्राफवर मोजलेला. दोन्ही जुळत होते, त्यामुळे कुणाला शंका नव्हती. मग १९२९ मध्ये ऑक्सिजनचे १७ आणि १८ वजनाचे समस्थानिक सापडले आणि जुळलेला हिशेब विस्कटला. रसायनशास्त्रज्ञ हवेतल्या मिश्र ऑक्सिजनला १६ धरत होते, तर ॲस्टन फक्त हलक्या ऑक्सिजनला. मोजपट्ट्याच वेगळ्या निघाल्यावर त्यांवरचे आकडे सारखे येणं हेच संशयास्पद होतं. रेमंड बर्ज आणि डोनाल्ड मेन्झेल यांनी १९३१ मध्ये सुचवलं की साध्या हायड्रोजनच्या सुमारे ४५०० अणूंमागे एक अणू २ वजनाचा असेल, तर ही विसंगती उलगडते.

४५०० मध्ये एक असलेला अणू शोधायचा कसा? युरी रसायनशास्त्रज्ञ होते, पण कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे काही काळ राहून आले होते. हायड्रोजनच्या रेषांच्या जागा अणुकेंद्राच्या वजनावर थोड्याशा अवलंबून असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पाठ्यपुस्तकात हा मुद्दा बहुधा वगळलेला असतो. बोर यांच्या साध्या चित्रात अणुकेंद्र जागचं हलत नाही, इलेक्ट्रॉन फक्त त्याच्याभोवती फिरतो. प्रत्यक्षात दोघंही आपल्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरतात. केंद्र फार जड असल्याने ते अगदी थोडं हलतं, पण हलतं. त्याचा हिशेब करायचा तर सूत्रात इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाऐवजी ‘रिड्यूस्ड मास’ घालायचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाला (१ + इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ÷ केंद्राचं वस्तुमान) या संख्येने भागायचं. तरंगलांबीचं सूत्र तेच राहतं:

1/λ = R (1/2² − 1/n²)

बदलतो तो फक्त R. केंद्र अनंत जड मानलं तर R ची किंमत दर सेंटिमीटरला १०९७३७.३२ येते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६.१५ पट जड आहे, म्हणून साध्या हायड्रोजनसाठी ती १०९६७७.५८ होते. जड हायड्रोजनचं केंद्र ३६७०.४८ पट, म्हणून त्याच्यासाठी १०९७०७.४३. केंद्र जितकं जड तितकं ते कमी हलतं, R तितका मोठा होतो आणि तरंगलांबी तितकी लहान. जड हायड्रोजनची प्रत्येक रेषा साध्या हायड्रोजनच्या रेषेच्या निळ्या बाजूला पडणार, एवढं आकडे न घालताही कळतं.

आता आकडे घालू. चौथ्या पातळीवरून दुसरीवर येताना, म्हणजे बामर मालिकेच्या बीटा रेषेसाठी, कंसातली संख्या १/४ वजा १/१६, म्हणजे ३/१६ किंवा ०.१८७५. साध्या हायड्रोजनसाठी १०९६७७.५८ ला तिने गुणलं की २०५६४.५५ येतात. याचा व्यस्त काढून अँगस्ट्रॉममध्ये मांडला की तरंगलांबी ४८६२.७४ अँगस्ट्रॉम. हीच आकडेमोड जड हायड्रोजनच्या R ने केली तर ४८६१.४१. फरक १.३२ अँगस्ट्रॉम.

इलेक्ट्रॉन-व्होल्टने सोडवण्याची सवय असलेल्यांनी इथे थोडं थांबावं. दुसरी पातळी उणे ३.४० आणि चौथी उणे ०.८५, फरक २.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. १२४० ला २.५५ ने भागलं की ४८६.३ नॅनोमीटर. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील. पण २.५५ मधला दुसरा दशांश अर्ध्याने इकडेतिकडे झाला तरी उत्तर सुमारे १० अँगस्ट्रॉमने हलतं, आणि आपण शोधतोय तो फरक १.३ अँगस्ट्रॉमचा. ऊर्जेत मांडला तर तो ०.०००७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतो. दोन दशांशांच्या इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये जड हायड्रोजन कधीच दिसणार नाही. म्हणून या कामात तरंगसंख्या आणि R वापरतात. R निदान आठ अंकांपर्यंत ठाऊक असतो.

यापुढची अडचण अधिक फसवी आहे. वर काढलेली ४८६२.७४ ही तरंगलांबी निर्वातातली आहे. प्रयोगशाळेतला प्रकाश हवेतून जातो आणि हवेत तरंगलांबी थोडी आखूड होते. या रेषेसाठी ती सुमारे १.३५ अँगस्ट्रॉमने आखूड होते आणि हवेतलं प्रत्यक्ष मोजमाप ४८६१.३३ येतं. आता वरचा आकडा पुन्हा पाहा. जड हायड्रोजनची निर्वातातली तरंगलांबी ४८६१.४१ आली होती. म्हणजे हवेचा परिणाम आणि समस्थानिकाचा परिणाम जवळजवळ सारख्याच मापाचे आहेत आणि दोन्ही एकाच दिशेने, निळ्या बाजूला ढकलतात. हवा विसरून एखाद्याने सूत्राचा आकडा आणि मोजमाप शेजारी ठेवले, तर साध्या हायड्रोजनची साधी रेषा त्याला जड हायड्रोजनची वाटेल. त्याला फार तर ०.०८ अँगस्ट्रॉमची चूक दिसेल आणि तीही उपकरणाच्या माथी जाईल.

हवा लक्षात ठेवली तरी काम संपत नाही. ४८६२.७४ मधून हवेचा वाटा वजा केला तर ४८६१.३९ उरतात, मोजमाप ४८६१.३३ आहे. शिल्लक ०.०५–०.०६ अँगस्ट्रॉमचं कारण सूत्रातच आहे: इलेक्ट्रॉनच्या वेगामुळे येणारे सापेक्षतेचे परिणाम आणि त्याचा स्पिन बोरच्या सूत्रात नाहीत. पातळ्या त्यामुळे किंचित खाली सरकतात आणि दुभंगतातही. आणि R हायड्रोजनचा घेण्याऐवजी कुणी अनंत वस्तुमानाचाच घेतला, जे सर्रास होतं, तर उत्तर ४८६०.०९ येतं. ती चूक २.६५ अँगस्ट्रॉमची, शोधायच्या गोष्टीच्या दुप्पट.

या सगळ्यातून वाट निघते ती एका साध्या गोष्टीने: जागा काढायची नाही, अंतर काढायचं. दोन रेषांतलं अंतर भागिले तरंगलांबी हे दोन R मधला फरक भागिले R इतकं असतं: १०९७०७.४३ मधून १०९६७७.५८ गेले, उरले २९.८५, त्यांना १०९७०७ ने भागलं की ०.०००२७२. हवा दोन्ही रेषांना सारखीच आखूड करते, म्हणून अंतरातून तिचा परिणाम जातो. सापेक्षता आणि स्पिनचे परिणाम दोन्ही अणूंत जवळजवळ सारखेच, तेही जातात. R चा शेवटचा अंक वादग्रस्त असला तरी बिघडत नाही. उरतो फक्त वस्तुमानांचा फरक, आणि तोच हवा होता. बामर मालिकेतल्या प्रत्येक रेषेची मोजलेली तरंगलांबी ०.०००२७२ ने गुणली की झालं. तांबड्या अल्फा रेषेसाठी, ६५६२.८ वर, अंतर १.७९ अँगस्ट्रॉम. बीटासाठी १.३२. गॅमासाठी, ४३४०.५ वर, १.१८ आणि डेल्टासाठी, ४१०१.७ वर, १.१२. युरींनी त्या काळच्या वस्तुमानांनी हिशेब केला आणि बीटासाठी १.३३ काढले, अल्फासाठी १.७९. आजच्या आकड्यांशी फरक पडतो तो शंभराव्या भागात.

कोलंबियाच्या वर्णपटमापकात २१ फूट त्रिज्येचं ग्रेटिंग होतं. दुसऱ्या ऑर्डरमध्ये फोटोप्लेटवर एका मिलिमीटरमध्ये १.३१ अँगस्ट्रॉम पसरत. म्हणजे बीटा रेषेची जड जोडीदार एक मिलिमीटर अंतरावर पडणार होती, अल्फाची साधारण १.४ मिलिमीटरवर. अंतर मोजण्यात काहीच कठीण नव्हतं, कारण प्लेटवर तरंगलांबी ०.०२ अँगस्ट्रॉमपर्यंत मोजता येत होती. कठीण होतं ते इतकी फिकी रेषा इतक्या भडक रेषेशेजारी दिसणं.

साध्या हायड्रोजनची रेषा प्लेटवर उमटायला जेवढा वेळ लागतो त्याच्या ४५०० पट वेळ प्लेट उघडी ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. एका सेकंदात उमटणारी रेषा असेल तर सव्वा तास. बीटा, गॅमा आणि डेल्टाजवळ, हिशेबाने सांगितलेल्या जागी, फिक्या रेषा दिसल्या. रेण्वीय हायड्रोजनच्या ज्ञात रेषांपैकी त्या नव्हत्या. हायड्रोजनचे रेणू दृश्य प्रकाशात शेकडो बारीक रेषा टाकतात, त्यामुळे ही तपासणी गरजेचीच होती. शिवाय रॉबर्ट वूड यांच्या धर्तीची लांब विसर्जन नळी त्यांनी वापरली, जिच्यात रेणू मोठ्या प्रमाणात फुटतात आणि अणूंच्या रेषा वरचढ होतात.

एवढ्यावर दुसऱ्या कुणी शोध जाहीर केला असता. युरी आणि मर्फी थांबले, कारण ग्रेटिंगची भुतं. काचेवर किंवा धातूवर हजारो रेघा ओढणाऱ्या यंत्राच्या स्क्रूत एक आवर्ती चूक असते, दर फेऱ्याला तीच. त्यामुळे प्रत्येक तेजस्वी रेषेच्या दोन्ही बाजूंना फिक्या खोट्या रेषा उमटतात. वर्णपटाचं काम करणारे त्यांना ‘घोस्ट’ म्हणतात. मूळ रेषा हजारो पट जास्त उघडी ठेवली की ही भुतं हमखास दिसतात. बरं, तिन्ही रेषांची अंतरं तरंगलांबीच्या प्रमाणात आली, एवढ्याने सुटका होत नाही. भुतांचं अंतरही तरंगलांबीच्या प्रमाणातच बदलतं. नेमकी हीच कसोटी इथे निरुपयोगी होती, आणि हे युरींच्या लक्षात आलं नसतं तर पुढचं सगळं काम झालंच नसतं.

मग फरक कसा ओळखायचा? भुताची तीव्रता मूळ रेषेच्या ठरावीक अंशाइतकी असते आणि नळीत कुठलाही हायड्रोजन भरला तरी तो अंश बदलत नाही. खऱ्या समस्थानिकाची रेषा मात्र नमुन्यात तो अणू जितका जास्त तितकी जास्त तेजस्वी व्हायला हवी. म्हणजे जड हायड्रोजनचं प्रमाण वाढवलेला नमुना हवा होता.

इथे युरींच्यातला रसायनशास्त्रज्ञ कामाला आला. द्रव हायड्रोजन उकळू दिला तर हलके रेणू आधी उडतात आणि एक साधा, एक जड अणू असलेले रेणू मागे राहतात. त्रिक बिंदूजवळ, सुमारे १४ केल्विनला, हा फरक सर्वांत जास्त असतो: हिशेबाप्रमाणे जड रेणूंचा बाष्पदाब हलक्यांच्या तुलनेत ०.३७ पट. अमेरिकेत एवढा द्रव हायड्रोजन फार थोड्या ठिकाणी बनायचा. वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधले फर्डिनंड ब्रिकवेड यांनी तो बनवून, अनेक लिटर उडवून, शेवटचा थोडासा भाग बाटलीत भरून न्यू यॉर्कला पाठवला.

पहिला नमुना निराशाजनक निघाला. तो सामान्य उकळबिंदूला, २० केल्विनला, उडवलेला होता आणि त्यात जड हायड्रोजन जवळजवळ साध्याइतकाच होता. कारण नंतर कळलं. हायड्रोजन पाण्याच्या विद्युत अपघटनातून बनवला होता आणि यंत्र नुकतंच साफ करून ताज्या द्रावणाने भरलेलं होतं. अपघटनात हलका हायड्रोजन आधी सुटतो, जड मागे पाण्यात साठत जातो. ताज्या द्रावणातून निघालेला वायू म्हणूनच जड हायड्रोजनला पारखा होता आणि उकळून जे कमावलं ते तिथेच गमावलं गेलं. याच गुणधर्मावर पुढे जड पाणी बनवण्याची पहिली पद्धत उभी राहिली. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत आज जे जड पाणी फिरतं त्यातला हायड्रोजन हाच, पण ते विद्युत अपघटनाने नव्हे, रासायनिक विनिमयाने वेगळं केलं जातं.

दुसरा नमुना त्रिक बिंदूजवळ उडवलेला होता. १९३१ च्या नोव्हेंबर अखेरीस त्याच्या प्लेटवर जड रेषा कितीतरी ठळक आल्या. किती, हे ठरवण्याची पद्धत मला फार आवडते. त्यांनी भुतांनाच मोजपट्टी केलं. प्रत्येक प्लेटवर मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंची सममित भुतं किती आणि किती गडद आहेत, हे पाहिलं की मूळ रेषा किती उघडी पडली हे कळायचं, आणि त्या तुलनेत जड रेषा गडद झाली की नाही हेही. शोधाला सर्वांत जास्त धोका ज्याचा होता, तेच तुलनेचं साधन ठरलं.

आणखी दोन खुणा होत्या. जड रेषा साध्या रेषेइतक्या पसरट नव्हत्या. जड अणू त्याच तापमानाला हळू धावतात, त्यामुळे डॉप्लर परिणामाने होणारं पसरणं कमी होतं. भूत मात्र मूळ रेषेची नक्कल असतं, मूळ रेषा पसरट तर तेही पसरट. दुसरी खूण अल्फा रेषेची. साध्या हायड्रोजनची अल्फा रेषा बारकाईने पाहिली तर दुभंगलेली असते, सुमारे ०.१४ अँगस्ट्रॉमने. जड अल्फा रेषाही तशीच दुभंगलेली निघाली आणि दुभंगाचं अंतर मोजमापाच्या मर्यादेत तेवढंच. वर म्हटलं की सापेक्षतेचे आणि स्पिनचे परिणाम दोन्ही अणूंत सारखे असतात, म्हणून अंतर काढताना ते वजा होतात. ते गृहीतकच इथे डोळ्यांनी दिसत होतं.

वजन ३ असलेल्या हायड्रोजनसाठीही त्यांनी शोध घेतला. त्याच सूत्राने त्याची बीटा रेषा सुमारे १.७६ अँगस्ट्रॉमवर यायला हवी, जड हायड्रोजनच्या रेषेपासून सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर दूर. त्या जागी काही मिळालं नाही. एका अर्थी हा नकारही उपयोगी होता. सापडलेल्या रेषांचं अंतर २ वजनाशीच जुळतं, ३ शी नाही, हे त्यातून स्पष्ट होत होतं.

शोध १९३१ च्या डिसेंबर अखेरीस न्यू ऑर्लिन्सच्या सभेत मांडला गेला, १९३२ मध्ये फिजिकल रिव्ह्यूत सविस्तर छापला गेला आणि १९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल युरींना मिळालं. प्लेटांवरून त्यांनी नैसर्गिक हायड्रोजनमध्ये जड अणूचं प्रमाण ४००० मध्ये एक असं ठरवलं. बर्ज आणि मेन्झेल यांच्या ४५०० शी ते छान जुळत होतं.

मात्र १९३५ मध्ये ॲस्टन यांनी आपला हायड्रोजनचा आकडा दुरुस्त केला. जुना आकडा थोडा कमी निघाला होता. नवा आकडा धरला तर रसायनशास्त्रज्ञांच्या आणि मास स्पेक्ट्रोग्राफच्या अणुभारांत ती विसंगती उरतच नव्हती. ज्या विसंगतीमुळे युरींनी प्लेट सव्वा-सव्वा तास उघडी ठेवायचं ठरवलं, ती मुळात मोजमापातल्या चुकीतून आली होती. सागराच्या पाण्यात आज हे प्रमाण सुमारे ६४०० अणूंमागे एक मोजलं जातं. पाणी कुठलं आहे यावर ते थोडं बदलतं, पर्वतावरच्या बर्फात कमी आणि ज्या पाण्याचं बाष्पीभवन जास्त झालं त्यात अधिक.